एका टिकवर अडलेली गिऱ्हाइकं

आपल्या कोल्ड क्रीममध्ये मेण किती आणि तेल किती, हे वहिनींनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. मेण वितळवायचं झालं की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. नवरा पाणी प्यायला आला तर दाराच्या फटीतून पेला त्याच्या हातात द्यायच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, त्याला क्रीममध्ये काय रस असणार? पण वहिनींचं म्हणणं असं, की ज्याला रस नसतो तोच गप्पांच्या ओघात बोलून जातो.

त्यांचा स्वभाव पहिल्यापासून असा नव्हता. तरुणपणी त्या एका पार्लरमध्ये कामाला होत्या. हाताखाली एक मुलगी आली, तिला त्यांनी भुवया कोरण्यापासून केस रंगवण्यापर्यंत सगळं जीव लावून शिकवलं. गिऱ्हाइकांची ओळख करून दिली, कुणाच्या त्वचेला काय चालत नाही तेही सांगितलं. एक दिवस त्या मुलीने त्याच रस्त्याच्या टोकाला स्वतःचं पार्लर थाटलं आणि वहिनींची निम्मी गिऱ्हाइकं तिच्या खुर्चीत जाऊन बसली. वर मालकीणबाईंनी दोष दिला तो वहिनींनाच. तेव्हापासून वहिनींनी एक खूणगाठ बांधली: हातातली कला कुणी नेत नाही, नेतात ती आपली माणसं. माणसं जपायची.

नोकरी सोडून त्या घरी साबण करायला लागल्या, मग केसांचं तेल, मग क्रीम, ओठांना लावायचं बाम. कोपऱ्यातल्या फळीवर साबणाच्या वड्या महिनाभर वाळत पडलेल्या असायच्या आणि घरात शिरणाऱ्याला आधी तो वास भेटायचा, मग माणसं. इमारतीतल्या बायका, पार्लरमधली जुनी गिऱ्हाइकं, त्यांच्या बहिणी, बहिणींच्या मैत्रिणी असं करत करत धंदा वाढला. सगळ्याच त्यांना वहिनी म्हणायच्या. आजीच्या वयाच्यासुद्धा.

नवा साबण तयार झाला की वहिनी त्याचा फोटो काढायच्या आणि व्हॉट्सॲपवर एकेकीला पाठवायला बसायच्या. एका वेळी पाच जणींना फॉरवर्ड व्हायचं, की पुन्हा पाच, पुन्हा पाच. मध्येच कुणाचा तरी फोन यायचा आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते विसरायला व्हायचं. मग एकीला दोनदा जायचं आणि दुसरीला जायचंच नाही. भाव मात्र त्या फोटोबरोबर कधीच पाठवत नसत. भाव तोंडी. कारण बँकेतल्या मॅडमना एक भाव होता, जिन्याखालच्या शिवणकामवालीला दुसरा, आणि कटकट करणाऱ्यांना तिसरा.

अशात नणंद राहायला आली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना सगळे ताई म्हणत. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी लांब नोकरीला होती, भाड्याचं घर सोडावं लागलं. भाऊ म्हणाला, "इथे ये." वहिनीही म्हणाल्या, "या." मनातून म्हणाल्या की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. ताई एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं काउंटरवर होत्या. शेवटी शेवटी दुकानाच्या फोनवरच्या ऑर्डरी त्याच सांभाळायच्या. त्या आल्या त्या एक बॅग आणि एक जुना लॅपटॉप घेऊन.

आठवडाभर ताईंनी वहिनींचं पाच-पाच पाठवणं बघितलं. मग एकदा चहा पिताना म्हणाल्या, "वहिनी, तू बिझनेसचं व्हॉट्सॲप का घेत नाहीस? कॅटलॉग करता येतो. सगळा माल तिथे मांडायचा, फोटोसकट. आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. एकदा पाठवलं की सगळ्यांना जातं."

"ग्रुप नको," वहिनी म्हणाल्या. "ग्रुपमध्ये सगळ्या एकमेकींचे नंबर बघतात. उद्या त्यातलीच एखादी साबण करायला बसेल."

"ग्रुप नाही. ब्रॉडकास्टमध्ये कुणालाच दुसरं कुणी दिसत नाही. प्रत्येकीला वाटतं मेसेज आपल्यालाच आलाय. उत्तर दिलं तर तेही फक्त तुलाच."

हे ऐकायला इतकं बरं होतं की वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "फुकट मिळतं?"

"ॲप फुकट आहे."

"आणि तुम्ही करून द्याल."

"मला येतं म्हणून."

वहिनींनी चहाचा पेला विसळला. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बघू." त्या रात्री नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या ताईंना माझ्या धंद्याचं एवढं काय पडलंय?"

"तिला बसवत नाही गं," नवरा म्हणाला. "काम नसलं की ती घड्याळासारखी बंद पडते."

"बंद पडलेली घड्याळंही दिवसातून दोनदा बरोबर वेळ साधतात. माझं लक्ष त्या दोन वेळांकडे आहे."

पण पुढच्या नव्या साबणाच्या वेळी पाठवापाठवी करता करता अंगठा दुखायला लागला, तेव्हा वहिनी नमल्या.

पहिलाच अडथळा नंबराचा आला. ताई म्हणाल्या, हाच नंबर नव्या ॲपवर न्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकांना वेगळा नंबर सांगावा लागणार नाही. मात्र एक नंबर एका वेळी एकाच ॲपवर चालतो, त्यामुळे जुनं व्हॉट्सॲप या नंबरावर बंद होईल. आधी बॅकअप घेऊ, जुनी बोलणी नव्यावर येतील.

"नाही आली तर?"

"येतील."

"तुमच्या दुकानात आली होती?"

"आली होती."

मग सहा आकडी कोड आला. ताईंनी चष्मा सावरला आणि स्क्रीनकडे वाकल्या, तशी वहिनींनी पदराने फोन झाकला. "मी टाकते. हे कुणाला सांगायचं नसतं असं त्याच्यातच लिहिलंय." ताई मागे सरकून बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. वहिनींनी एकेक आकडा मोठ्याने न उच्चारता, ओठ हलवत टाकला. बोलणी सगळी आली. त्यांनी वर-खाली करून दोनदा तपासली, तेव्हा कुठे श्वास सोडला.

धंद्याचं नाव, प्रकार, वेळ टाकायची होती. पत्ता वहिनींनी टाकू दिला नाही. "ज्यांना यायचंय त्यांना घर माहीत आहे."

कॅटलॉगला तीन दिवस गेले. खिडकीपाशी पांढरी चादर टांगून ताईंनी फोटो काढले; साबणाच्या वडीवर बाजूने उजेड पडला की तिची कड कशी उठून दिसते ते वहिनींना दाखवलं. फोटो सुरेख आले, हे वहिनींनाही नाकारता येईना. मग प्रत्येक वस्तूचं नाव, चार ओळींची माहिती, आणि किंमत.

"किंमत टाकायची?" वहिनी दचकल्या. "मग सगळ्यांना एकच भाव दिसेल."

"एकच असतो ना?"

वहिनी साबणाच्या वड्या सरळ करायला लागल्या. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, समजल्या, आणि ओठ दाबून म्हणाल्या, "किंमत रिकामी ठेवता येते. सक्तीची नाही. पण मग दर बाई विचारणार."

"विचारू देत."

माहितीवरूनही वाजलं. वहिनींना क्रीमखाली लिहायचं होतं, चेहऱ्यावरचे सगळे डाग आठ दिवसांत जातात. ताई म्हणाल्या, "असं लिहू नये. त्वचा मऊ राहते, एवढं लिहू. ते खरं आहे." वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं दारोदारी जे सांगितलं ते आता ही बाई खोटं ठरवणार? की आपला माल मुद्दाम साधा दाखवायचा आहे हिला?

आणि मग मलमाचं झालं. वहिनी खाज-खरजेवर एक मलम करायच्या आणि त्यांनी नाव सांगितलं, 'औषधी मलम'. ताईंनी ते नाव टाकलं. बाकीच्या वस्तू तपासणी होऊन थोड्या वेळाने दिसायला लागल्या, मलम मात्र नामंजूर होऊन आलं.

"औषधं विकायला तिथे परवानगी नाही," ताई म्हणाल्या. "मला आधीच वाटलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू ऐकलं नसतंस."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. नामंजूर व्हायचं होतं तर नेमकं मलमच का? वहिनींच्या हातचं सगळ्यात जास्त खपणारं? ताईंनीच काहीतरी दाबलं असणार. यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि एकदा घेतलं की वहिनींचं मन सोडत नसे.

यादी करताना ताईंनी एक गोष्ट सांगितली होती. "ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जाईल. बाकीच्यांना नाही. आधी सगळ्यांना एकेकीला विनंती करावी लागेल, नंबर सेव्ह करा म्हणून."

वहिनी हसल्या. "माझी गिऱ्हाइकं आहेत ती. पंधरा-पंधरा वर्षांची. त्यांना सांगायचं माझा नंबर ठेवा?"

"सांगायला काय जातंय?"

"मी काय नवी दुकानदारीण आहे?"

ताईंनी विषय वाढवला नाही. एका यादीत अडीचशेच्या वर नावं घेता येत होती. वहिनींची सगळी माणसं एकाच यादीत बसली. मेसेजमध्ये नव्या साबणाचा फोटो, दोन ओळी आणि कॅटलॉगची लिंक. बटण वहिनींनी स्वतः दाबलं.

पहिल्या तासात उत्तरं यायला लागली. 'किंमत?' 'केवढ्याला?' 'भाव सांगा वहिनी.' एकीने 'मला पाठवत जाऊ नका' असंही कळवलं, तिला ताईंनी यादीतून काढायला लावलं. ते वहिनींच्या जिवावर आलं. संध्याकाळपर्यंत ऑर्डरी आल्या, पण त्या सगळ्या अलीकडच्या बायकांच्या होत्या. जुन्या, खाशा, भाव न विचारता घेणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकीनेही उत्तर दिलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जिन्यात बँकेतल्या मॅडम भेटल्या.

"वहिनी, नवीन काही केलंत की नाही? बऱ्याच दिवसांत फोटो नाही."

"पाठवला ना. परवाच."

"मला नाही आला."

वहिनी जिन्यातच उभ्या राहिल्या. घरी येऊन त्यांनी यादी उघडली. मॅडमचं नाव होतं. मग मेसेज का गेला नाही? पाठवलेल्या मेसेजपुढे एकच राखाडी टिक उभी होती, म्हणजे तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नव्हता. त्यांना ताईंनी शिकवलं होतं तसं त्यांनी मेसेज दाबून धरला आणि माहिती उघडली. कुणाला पोचला, कुणी वाचला, त्यांची नावं. जुन्या माणसांपैकी तिथे एकही नव्हतं. जणू कुणीतरी वेचून वेचून बाजूला काढली होती.

वेचून. हा शब्द मनात आला आणि मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. ताई हल्ली दुपारच्या बाहेर पडायच्या, हातात कापडी पिशवी घेऊन, आणि विचारलं तर "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायच्या. लॅपटॉपवर काहीतरी करत बसायच्या आणि वहिनी खोलीत आल्या की झाकण खाली करायच्या. मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची बाई ताईंशी बोलत होती आणि वहिनी दिसताच दोघी थांबल्या होत्या.

वहिनींनी फोनमध्ये इकडे-तिकडे बोटं मारायला सुरुवात केली. कशासाठी ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. सेटिंगमध्ये एक जागा सापडली: जोडलेली उपकरणं. तिथे एका कॉम्प्युटरचं नाव होतं आणि खाली वेळ. आज. आत्ताची.

पलीकडच्या खोलीतून ताईंच्या टाइप करण्याचा आवाज येत होता. म्हणजे आपलं एकेक गिऱ्हाईक, एकेकीचं बोलणं, कुणाला केवढ्याला दिलं ते सगळं त्या लॅपटॉपवर उघडं पडलं आहे. पार्लरमधल्या पोरीने निदान समोरून तरी नेली होती माणसं.

वहिनींनी त्या नावावर बोट ठेवलं. 'लॉग आउट' असं आलं. त्यांनी दाबलं.

पलीकडचा आवाज थांबला.

मग ताई दारात आल्या. "वहिनी, माझ्याकडचं बंद झालं वाटतं."

"झालं असेल."

"तू केलंस?"

"तुम्ही कधी जोडलं होतं, ते सांगा आधी."

"तुझ्यासमोर जोडलं. तुझे हात साबणात होते. मी म्हटलं, लॅपटॉपवर माहिती लिहायला सोपं जाईल, इथे बोट लाव. तू पदराला बोट पुसून लावलंस."

वहिनींना आठवलं. त्या दिवशी साबण घट्ट व्हायला आला होता, ढवळणं थांबवता येत नव्हतं, आणि ताईंनी समोर धरलेल्या फोनवर त्यांनी न बघताच बोट टेकवलं होतं. पण आठवलं म्हणून त्या थोड्याच थांबणार होत्या?

"लिहायला जोडलंत, की वाचायला?"

ताईंचा चेहरा पडला. त्या वळल्या आणि आत गेल्या.

वहिनींना आता पुरावा हवा होता. त्या तडक खाली बँकेतल्या मॅडमकडे गेल्या. मॅडम नुकत्याच जेवून उठल्या होत्या. वहिनी उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "तुमचा फोन जरा दाखवता? माझ्या मेसेजचं काहीतरी घोटाळ्याचं झालंय. घरातल्याच कुणीतरी हात मारलाय असा मला संशय आहे."

मॅडमना गंमत वाटली. त्यांनी फोन उघडून पुढे केला. वहिनींनी आपलं बोलणं शोधायला सांगितलं. मॅडम खाली-खाली जात राहिल्या, मग एका ठिकाणी थांबल्या. "हे बघा तुमचं."

तिथे वहिनींचा फोटो होता. नाव नव्हतं. फोटोशेजारी नुसते दहा आकडे.

"हे काय?"

"तुमचाच नंबर की."

"नाव कुठे आहे माझं?"

मॅडम जराशा ओशाळल्या. "अहो, जुना फोन पाण्यात पडला ना, तेव्हा सगळे नंबर गेले. मग तुमचा पुन्हा सेव्ह करायचा राहूनच गेला. पण मी फोटोवरून ओळखते तुम्हाला."

"किती दिवस झाले त्याला?"

"होतील चार-पाच वर्षं."

वहिनी वर चढताना कठड्याला धरून चढल्या. घरी न जाता दुसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि आणखी एका जुन्या गिऱ्हाइकाचं दार वाजवलं. तिच्या फोनमध्येही आकडेच होते. तिसरीकडे नाव होतं, पण ते वहिनींच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबराचं. चौथीकडे त्यांनी विचारलंच नाही.

घरी येऊन त्या स्वयंपाकघरात बसल्या. गॅसवर काही नव्हतं. ही सगळी आपली माणसं आहेत असं धरून त्या इतकी वर्षं चालल्या होत्या, कुणी नेऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. आणि इथे कुणी कुणाला नेलंच नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये वहिनींना नाव नव्हतं, एवढंच. कारण वहिनी स्वतः होऊन दर वेळी एकेकीला वेगळा मेसेज पाठवत होत्या, आणि तो नंबर सेव्ह नसला तरी पोचत होता. त्यामुळे हे कधी कळलंच नाही. ब्रॉडकास्टनेच ते उघडं पाडलं.

नवरा पाणी प्यायला आला. वहिनींनी दार लोटलेलं नव्हतं. त्याने स्वतःच पेला भरून घेतला आणि बायकोकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही."

"ताईशी भांडलीस?"

"भांडले नाही. विचारलं."

"ती आत बॅग भरतेय," नवरा म्हणाला, आणि भिंग पुसत बाहेर गेला.

वहिनी उठल्या नाहीत. एका बाबतीत ताई खऱ्या निघाल्या म्हणून सगळ्यात खऱ्या, असं थोडंच आहे? दुपारचं बाहेर जाणं, झाकण खाली करणं, ते काय होतं? त्यांनी फोन घेतला आणि कॅटलॉग उघडला. साबण, तेल, क्रीम, बाम. आणि सगळ्यात खाली आणखी एक वस्तू, त्यांनी कधीच न पाहिलेली. तिच्यावर डोळ्यावर काट मारल्यासारखी खूण होती.

'केसांचे चाप, हाताने मणी ओवलेले.' फोटोत पांढऱ्या चादरीवर दोन चाप होते, निळे-पांढरे मणी बारीक तारेने बसवलेले. बाजूला उजेड दाखवण्यासाठी धरलेलं बोट होतं, त्यावर ताईंची अंगठी.

वहिनी आत गेल्या. ताई पलंगावर बसल्या होत्या, बॅग उघडी. वहिनींनी फोन त्यांच्यापुढे धरला.

"हे काय?"

ताईंनी फोटो पाहिला आणि मान खाली घातली. "ते लपवून ठेवलंय. गिऱ्हाइकांना दिसत नाही. फक्त आपल्याला दिसतं."

"ते मला कळलं. का लपवलंत?"

"तुला विचारायचं होतं. विचारता येईना." ताईंनी बॅगेतून कापडी पिशवी काढली आणि उलटी केली. चाप, मणी, तारेचे गुंडाळे चादरीवर सांडले. "भावाच्या घरात राहते, भावजयीच्या धंद्यात आपला माल कसा घुसवायचा? म्हणून दुपारी दुकानांत दाखवत फिरत होते. कुणी घेतले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने दोन घेतले. पैसे द्यायला आली तेव्हा तू आलीस, म्हणून तिला गप्प केलं."

"आणि लॅपटॉपचं झाकण?"

"चापाची माहिती लिहीत होते. तीनदा लिहिली, तीनदा पुसली."

वहिनी उभ्याच राहिल्या. म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. ताईंच्या मनात काहीतरी होतं, त्यांनी काहीतरी लपवलं होतं, आणि ते आपल्याच कॅटलॉगमध्ये होतं. या विचाराने वहिनींना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"मॅडमनी माझा नंबर सेव्ह केलेला नाही," त्या म्हणाल्या.

ताईंनी वर पाहिलं. "कितीजणींनी नाही?"

"चौथीला विचारलं नाही मी."

ताई पलंगावर सरकल्या, जागा केली. वहिनी बसल्या. दोघींच्या मध्ये मणी पसरलेले होते. वहिनींनी एक चाप उचलला, उलटा करून पाहिला, तार कुठे टोचते का ते अंगठ्याने तपासलं. कुठे टोचत नव्हती.

"माझ्या गिऱ्हाइकांच्या बोलण्यात काय काय वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"खरं सांगा."

"शिवणकामवालीला तू जवळजवळ फुकट देतेस, ते वाचलं," ताई म्हणाल्या. "मुद्दाम नाही वाचलं. समोर आलं."

वहिनींनी चाप खाली ठेवला. "ते कुठे बोलू नका."

बॅग रिकामी झाली की नाही, ते वहिनींनी विचारलं नाही. पण रात्री जेवणाला रोजच्यासारखे तीन पाट मांडले गेले आणि ताई जागेवर येऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून दोघींनी मिळून काम काढलं. ताईंनी एक छोटा मेसेज लिहून दिला, 'हा माझा नंबर वहिनी या नावाने सेव्ह करा, म्हणजे नव्या मालाची बातमी मिळेल', आणि वहिनी तो जुन्या पद्धतीने एकेकीला पाठवत बसल्या. पण मेसेजवर त्यांचा भरवसा नव्हता. दारात साबण घ्यायला कुणी आलं की त्या वडी हातातच धरून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सेव्ह करा. मी बघते." बाई नाव टाईप करेपर्यंत त्या तिच्या खांद्यावरून वाकून पाहायच्या. एकीने नुसतं 'साबण' असं टाकलं, तर तिला खोडून 'वहिनी' करायला लावलं. काहीजणी कुरकुरल्या. बँकेतल्या मॅडमनी हसत हसत सेव्ह केलं आणि वर मैत्रिणीचाही फोन पुढे केला.

पुढच्या ब्रॉडकास्टला माहिती उघडली, तेव्हा पोचलेल्यांची नावं स्क्रीनवर मावली नाहीत. खाली सरकवत जावं लागलं. अजूनही पाच-सात जणी एका टिकवर अडलेल्या होत्या. त्यांच्याकडे वहिनी स्वतः गेल्या.

चापांवरची ती लपवल्याची खूण वहिनींनी आपल्याच हाताने काढली. अट एकच घातली: चापांची किंमत टाकायची, म्हणजे विचारणाऱ्यांना उत्तरं देत बसायला नको. ताई म्हणाल्या, "मग साबणाचीही टाक." यावरून दोन दिवस बोलणं झालं. शेवटी सगळ्या वस्तूंना किंमत पडली. शिवणकामवालीचं काय करायचं, ते ताईंनी सुचवलं: तिला कॅटलॉगमधून मागवू द्यायचं नाही, घरूनच वडी पोचवायची. मलमाची जागा कॅटलॉगमध्ये रिकामीच राहिली; ते पूर्वीसारखं तोंडीच विकलं जातं.

लॅपटॉप पुन्हा जोडायचा होता त्या दिवशी वहिनींनी सांगितलं, "मी समोर असतानाच चालू करायचा, आणि काम झालं की काढायचा."

"बरं," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला राग आला तरी."

"आलाय," ताई म्हणाल्या, आणि स्क्रीनवरचा क्यूआर कोडचा चौकोन वहिनींच्या फोनपुढे धरला.

महिन्याभरात एक ऑर्डर आली. कॅटलॉगमधून गिऱ्हाइकाने स्वतःच वस्तू टोपलीत टाकून पाठवलेली: दोन साबण, एक क्रीम, चापांची एक जोडी. नंबर अनोळखी होता, लिंक कुणीतरी पुढे पाठवली असणार. वहिनींनी ती चारदा वाचली. मग ताईंना हाक मारली.

"ही तुमच्या ओळखीची आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी थोडा वेळ नणंदेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग फोन त्यांच्या हातात दिला, पहिल्यांदाच न झाकता, आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच उत्तर द्या. आणि आधी तिला सांगा, नंबर सेव्ह कर म्हणावं."